दर चौसष्टाव्या नोंदीनंतर : एका न पुसलेल्या फ्लॅगची गोष्ट

धागाकर्ती : भोसरीकर_एम्बेडेड

मी नोकरीला लागून आठ महिने झाले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. आमची कंपनी कारखान्यांसाठी वीज मोजणारे मीटर बनवते. मूळ मीटरमध्ये एसटीएम३२ मालिकेतला एफ१०३ हा मायक्रोकंट्रोलर होता. २०२१ साली चिपच्या टंचाईत तो मिळेनासा झाला, आणि हाती लागला तो एफ०३० घेऊन घाईघाईने नवा बोर्ड काढण्यात आला. फर्मवेअर नव्या चिपवर आणण्याचे काम ज्यांनी केले ते गृहस्थ नंतर नोकरी सोडून गेले, आणि तो कोड माझ्या वाट्याला आला.

इचलकरंजीच्या एका कापड कारखान्यात असे बारा मीटर एकाच आरएस-४८५ वायरवर जोडलेले होते. मास्टर दर पाच सेकंदांनी एका मीटरला मॉडबसवरून विचारणा करायचा, म्हणजे प्रत्येक मीटरची पाळी मिनिटातून एकदा येत असे. दर चार-पाच दिवसांनी बारांपैकी कोणतातरी एक मीटर उत्तर देणे बंद करायचा. त्याचा हिरवा दिवा मात्र नेहमीसारखा सेकंदाला एकदा लुकलुकत असायचा. तिथले इलेक्ट्रिशियन एमसीबी खाली-वर करायचे, मीटर सुरू व्हायचा, आणि काय बिघडले होते याचा पुरावाही त्याबरोबर पुसला जायचा.

माझ्या टेबलावर हाच मीटर तीन आठवडे अखंड चालला आणि एकदाही अडकला नाही. आमच्या वरिष्ठांनी आधी वायरिंगवर संशय घेतला, मग टर्मिनेशनच्या १२० ओहमच्या रोधकांवर, आणि शेवटी यंत्रमागांच्या मोटारींमुळे होणाऱ्या विद्युत गोंगाटावर. त्यात चूक काही नव्हते, कारण आरएस-४८५ च्या तक्रारींत बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. रोधक बदलले, शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, तरी पाचव्या दिवशी फोन आलाच.

पहिला धागा हाती लागला तो मीटरच्या नोंदींत. मीटर दर १५ मिनिटांनी १६ बाइटांची एक नोंद स्वतःच्या फ्लॅशमध्ये लिहितो आणि प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक देतो. ही नोंद मुख्य लूपमधून लिहिली जाते. अडकलेल्या मीटरच्या नोंदी मागवून पाहिल्या, तेव्हा जितका वेळ तो गप्प होता तितक्या वेळच्या नोंदीही नव्हत्या. याचा अर्थ बिघाड फक्त संवादाचा नव्हता आणि मुख्य लूपच थांबलेला होता. मग मी प्रत्येक खंडाच्या आधीचा शेवटचा अनुक्रमांक वहीत लिहून काढला. पहिले तीन होते ४४८, ११५२ आणि ७०४. हे आकडे मी दोन दिवस नुसतेच पाहत होते. तिसऱ्या दिवशी बसमध्ये लक्षात आले की तिन्हींना ६४ ने भाग जातो.

१६ बाइटांच्या ६४ नोंदी म्हणजे १०२४ बाइट, म्हणजेच या चिपच्या फ्लॅशचे नेमके एक पान. पान भरले की पुढची नोंद लिहिण्यापूर्वी फर्मवेअर नवे पान पुसते. पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात प्रोसेसरला फ्लॅशमधून पुढची सूचना वाचता येत नाही, म्हणून तो जागच्या जागी खोळंबतो. इंटरप्टचे हँडलरही फ्लॅशमध्येच असल्याने तेही चालत नाहीत. ९६०० बॉडला एक बाइट साधारण १.०४ मिलिसेकंदात येतो. त्यामुळे पान पुसले जात असताना वायरवर कोणाचीही विचारणा किंवा उत्तर चालू असेल, तर येणारे बाइट उचलायला कोणी नसते आणि यूएआर्टमध्ये ओव्हररन होतो.

इथे मी अडले. ओव्हररनमुळे एक फ्रेम वाया जाईल, सीआरसी जुळणार नाही, मास्टर पुन्हा विचारेल आणि गोष्ट तिथेच मिटेल. जुन्या एफ१०३ च्या मीटरमध्येही पान असेच पुसले जात होते आणि ते मीटर कधीच अडकले नव्हते. एवढ्याने मुख्य लूप कायमचा का थांबावा?

दुसरा धागा माझ्यासमोर पहिल्या दिवसापासून पडलेला होता. डीबगरने ब्रेकपॉइंटवर थांबून पुन्हा पुढे सोडले, की टेबलावरचा मीटर बऱ्याचदा उत्तर देईनासा व्हायचा. शेजारच्या सहकाऱ्याने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते की डीबगर लावला की असे होतेच, रीसेट करावे आणि पुढे जावे. मी तसे निदान पन्नास वेळा केले असेल. ब्रेकपॉइंटवर प्रोसेसर थांबतो, पण यूएआर्ट थांबत नाही, त्यामुळे मास्टरचे बाइट येतच राहतात आणि ओव्हररन होतो. जे इचलकरंजीत पाच दिवसांतून एकदा घडत होते, ते मी दिवसातून चार वेळा स्वतःच्या हाताने घडवून रीसेटने पुसून टाकत होते.

त्या दिवशी रीसेट न करता मी मीटर तसाच अडकू दिला आणि ओपनओसीडीमधून तो थांबवून पाहिला. दहा वेळा थांबवला, तर नऊ वेळा प्रोग्रॅम काउंटर `USART1_IRQHandler` मध्ये आणि एकदा `SysTick_Handler` मध्ये होता. मुख्य लूपमध्ये तो एकदाही सापडला नाही. मग यूएआर्टचे स्थिती-रजिस्टर वाचले.

```
mdw 0x4001381C
```

उत्तराचे शेवटचे दोन अंक `d8` होते. म्हणजे बाइट आल्याचा फ्लॅग `RXNE` शून्य होता आणि ओव्हररनचा फ्लॅग `ORE` एक होता. आता आमचा हँडलर पाहा.

```c
void USART1_IRQHandler(void)
{
    if (USART1->ISR & USART_ISR_RXNE)
        rx_push((uint8_t)USART1->RDR);
}
```

जुन्या चिपसाठी हाच कोड `SR` आणि `DR` या नावांनी लिहिलेला होता. एफ१०३ मध्ये `SR` वाचून मग `DR` वाचले, की `RXNE` बरोबर `ORE` सुद्धा आपोआप पुसला जातो. मूळ लेखकाने ओव्हररनचा विचार केलेला नसला, तरी चिप त्याला सांभाळून घेत होती. एफ०३० मध्ये `RDR` वाचल्याने फक्त `RXNE` पुसला जातो आणि `ORE` पुसण्यासाठी `ICR` मध्ये वेगळे लिहावे लागते. पोर्ट करताना नावे बदलली गेली, कोड कंपाइल झाला, चाचण्या उत्तीर्ण झाल्या, आणि ही एक ओळ कोणाला सुचलीच नाही. `RXNE` चा इंटरप्ट चालू केला की `ORE` वरही तोच इंटरप्ट येतो. त्यामुळे हँडलर यायचा, बाइट नाही असे पाहून परत जायचा, फ्लॅग तसाच उभा असल्याने पुन्हा बोलावला जायचा, आणि मुख्य लूपला एक सूचना चालवण्याइतकीही फुरसत मिळत नसे.

खात्रीसाठी मी कोडला हात न लावता, अडकलेल्या मीटरमध्येच बाहेरून फ्लॅग पुसला.

```
mww 0x40013820 0x8
resume
```

पाच सेकंदांच्या आत मास्टरच्या खिडकीत व्होल्टेजचा आकडा उमटला. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला जाऊन नुकत्याच अडकलेल्या मीटरवर हेच केले, आणि तोही न रीसेट करता बोलू लागला. (मीटरचा ग्राउंड न्यूट्रलला जोडलेला असल्याने लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि मध्ये यूएसबी आयसोलेटर लावला होता. कोणी अनुकरण करणार असेल तर ते आयसोलेटरशिवाय करू नये.)

हँडलरमध्ये घातलेली भर एवढीच आहे.

```c
    if (USART1->ISR & USART_ISR_ORE) {
        USART1->ICR = USART_ICR_ORECF;
        rx_overrun++;
    }
```

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवते. एकूण अकरा खंडांपैकी नऊ खंड ६४ च्या पटीनंतर सुरू झाले होते. उरलेले दोन ३०७ आणि ९४१ नंतरचे आहेत, आणि त्यांचा उलगडा मला झालेला नाही.

---

जुनी_सोल्डर

लेखन आवडले. मात्र तुमच्या गोष्टीत दोन दोष आहेत आणि तुम्ही एकाच दोषाची गोष्ट सांगितली आहे. मुख्य लूप तासन् तास थांबला असताना वॉचडॉगने मीटर रीसेट कसा केला नाही? दिवा लुकलुकत होता आणि प्रोग्रॅम काउंटर एकदा `SysTick_Handler` मध्ये सापडला, यावरून माझा अंदाज असा की वॉचडॉगला खाऊ घालण्याचे काम त्याच हँडलरमध्ये होते. तसे असेल तर तो वॉचडॉग फक्त टायमर चालू आहे एवढेच सांगत होता, आणि टायमर कधी बंद पडलाच नव्हता.

---

भोसरीकर_एम्बेडेड

आपला अंदाज अचूक आहे. दिवा आणि वॉचडॉग दोन्ही `SysTick_Handler` मध्येच होते. आता मुख्य लूप प्रत्येक फेरीत वॉचडॉगला खाऊ घालतो. पान पुसण्याचे ४० मिलिसेकंद धरूनही दोन सेकंदांची मुदत पुरेशी आहे. मात्र हा बदल आधीच झाला असता, तर मीटर पाच दिवसांतून एकदा गुपचूप रीसेट झाला असता आणि खरा दोष कदाचित कधीच सापडला नसता, असेही मला वाटते.

---

जुनी_सोल्डर

रीसेटचे कारण `RCC->CSR` मध्ये नोंदलेले असते. सुरू होताना ते वाचून नोंदींत लिहिले, तर रीसेट गुपचूप राहत नाही. ग्राहकाचा मीटर तासन् तास गप्प बसण्यापेक्षा तो रीसेट होऊन बोलू लागणे केव्हाही बरे.

---

सर्किट_सांगली

यात आश्चर्य काही नाही. इंटरप्टचा फ्लॅग नेहमी हँडलरच्या पहिल्या ओळीत पुसावा हा नियम आहे. शेवटच्या ओळीत पुसला तर ते लिखाण पेरिफेरलपर्यंत पोहोचण्याआधीच हँडलर संपतो आणि तो दुसऱ्यांदा चालतो. आमच्याकडे टायमरच्या बाबतीत हेच झाले होते, पल्स दुप्पट मोजल्या जात होत्या. तुम्ही फ्लॅग शेवटी पुसत आहात, त्यामुळे तुमचाही हँडलर दोनदा चालत असणार. शिवाय `ICR` मध्ये थेट लिहिण्याऐवजी `|=` वापरावे, म्हणजे इतर बिटांना धक्का लागत नाही.

---

जुनी_सोल्डर

टायमरचा तुमचा अनुभव खरा आहे, पण तो इथे लागू होत नाही. इथे फ्लॅग उशिरा पुसला जात नव्हता, तो मुळीच पुसला जात नव्हता. आता हँडलर क्वचित एकदा जास्तीचा चालला तरी त्याला दोन्ही फ्लॅग शून्य दिसतील आणि तो निमूटपणे परत जाईल. तुमच्या टायमरच्या हँडलरमध्ये मोजणी होती, म्हणून जास्तीची फेरी महागात पडली.

`|=` चा सल्ला मात्र कृपा करून कोणी घेऊ नये. `ICR` मध्ये एक लिहिलेला बिट पुसला जातो आणि शून्य लिहिलेल्या बिटाला काहीच होत नाही, म्हणून थेट लिहिणेच योग्य आहे. `ICR` वाचले तर शून्यच मिळते, त्यामुळे तिथे `|=` ने नुकसान होणार नाही. पण हीच सवय `EXTI->PR` ला लावलीत तर प्रलंबित असलेले सगळे फ्लॅग एक म्हणून वाचले जातील, तसेच परत लिहिले जातील आणि सगळेच पुसले जातील. मग दोन बटणे एकाच वेळी दाबली की एक हरवते, आणि माणूस महिनाभर बटणाच्या स्प्रिंगला दोष देत बसतो.

---

चहा_आणि_चिप

माझ्याकडेही अगदी हीच अडचण आहे, म्हणून इथेच विचारतो. मी `HAL_UART_Receive_IT` वापरतो. चार-सहा तासांनी बाइट येणे बंद होते, बाकी प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, डिस्प्लेही बदलतो. वरची `ORECF` ची ओळ हँडलरमध्ये घातली तरी फरक पडला नाही. माझी चिप नकली असेल का? टंचाईच्या काळात बाजारातून सुटी घेतली होती.

---

भोसरीकर_एम्बेडेड

आपली अडचण दिसायला सारखी असली तरी उलट दिशेची आहे. माझा मुख्य लूप थांबला होता, आपला चालू आहे. एचएएलचा हँडलर ओव्हररनचा फ्लॅग स्वतःच पुसतो, पण तसे करताना चालू असलेले रिसीव्ह रद्द करतो आणि `HAL_UART_ErrorCallback` ला बोलावतो. ते फंक्शन आपण लिहिलेले नसेल तर पुन्हा रिसीव्ह सुरू करणारे कोणीच उरत नाही. त्या फंक्शनमध्ये `HAL_UART_Receive_IT` पुन्हा बोलावून पाहावे. चिप बदलण्याआधी तिथे ब्रेकपॉइंट लावला तर पाच मिनिटांत कळेल.

---

चहा_आणि_चिप

ब्रेकपॉइंट लावला आणि तो तिथे थांबला. पण तुमचाच लेख वाचल्यामुळे आता शंका येते आहे, की हा ओव्हररन खरा आहे की ब्रेकपॉइंटनेच घडवला.

---

जुनी_सोल्डर

पहिल्यांदा तिथे पोहोचला तो ओव्हररन खरा, कारण तोपर्यंत प्रोसेसर कुठे थांबलेलाच नव्हता. त्यानंतरचे धरू नका. ब्रेकपॉइंटऐवजी तिथे एक मोजणी वाढवा आणि ती संध्याकाळी वाचा.

---

निवृत्त_तंत्रनिकेतन

मी पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षे ८०५१ शिकवला. त्यात टायमरचा `TF0` हँडलरमध्ये शिरताच हार्डवेअर स्वतः पुसते, पण सीरियलचे `RI` आणि `TI` प्रोग्रॅमरने पुसावे लागतात, कारण दोघांना मिळून एकच व्हेक्टर आहे आणि नेमका कोणता फ्लॅग आला हे प्रोग्रॅमरनेच पाहायचे असते. मुले टायमरचा प्रयोग आधी करत, त्यामुळे फ्लॅग आपोआप पुसला जातो अशी त्यांची समजूत व्हायची आणि सीरियलच्या प्रयोगात ती अडकायची. मात्र तिथे बोर्ड पहिल्याच बाइटला अडकतो, म्हणून चूक त्याच तासाला सापडते. आपल्या प्रकरणात एकाच व्हेक्टरवरचा नेहमीचा फ्लॅग पुसला जात होता आणि क्वचित येणारा राहून गेला होता, म्हणून ती इतके महिने लपली.

आपल्या दोन बेहिशेबी खंडांबद्दल एक प्रश्न आहे. मीटरला १६ गुणिले २ चा साधा अक्षरी डिस्प्ले आहे काय? आणि त्याला आज्ञा पाठवताना इंटरप्ट बंद केले जातात काय? त्या डिस्प्लेच्या इतर बहुतेक आज्ञा चाळीसएक मायक्रोसेकंदांत आटोपतात, पण संपूर्ण पडदा पुसण्याच्या आज्ञेला दीड मिलिसेकंद लागतो. आपला बाइट तर १.०४ मिलिसेकंदाचा आहे.

---

भोसरीकर_एम्बेडेड

सर, डिस्प्ले तोच आहे. आपला प्रश्न वाचून कोड उघडला. `lcd_clear()` च्या आधी `__disable_irq()` आहे, आणि दीड मिलिसेकंदांची प्रतीक्षा संपल्यावरच इंटरप्ट पुन्हा चालू होतात. हे फंक्शन फक्त बटण दाबून पडदा बदलताना बोलावले जाते, म्हणून माझ्या शोधात ते आले नाही.

---

जुनी_सोल्डर

मग निदान ती प्रतीक्षा इंटरप्ट चालू ठेवून करा. पान पुसतानाचा ओव्हररन टाळायचा असेल तर हँडलर आणि व्हेक्टर टेबल रॅममध्ये हलवावे लागेल. कॉर्टेक्स-एम० ला व्हेक्टर टेबल हलवण्याचे रजिस्टर नाही, त्यामुळे रॅमची मेमरी पत्ता शून्यावर आणण्याचा खटाटोप करावा लागेल. सोळा तासांतून फार तर एक फ्रेम हरवण्यासाठी मी तो करणार नाही. `OVRDIS` लावून ओव्हररनची दखल घेणेच बंद करता येते, पण मग मोजणीही जाते.

---

भोसरीकर_एम्बेडेड

मोजणी हवीच आहे, म्हणून `OVRDIS` लावलेला नाही. नवे फर्मवेअर बाराही मीटरांत घालून दोन महिने झाले आणि एकही मीटर अडकलेला नाही. `rx_overrun` चा आकडा मॉडबसच्या एका रजिस्टरवर ठेवला होता, तो आज मागवला. दोन महिन्यांत प्रत्येक मीटरने सुमारे ९० वेळा पान पुसले असेल. पाच सेकंदांतले पन्नास-साठ मिलिसेकंद धोक्याचे धरले, तर प्रत्येक मीटरमागे एखादा ओव्हररन अपेक्षित होता. अकरा मीटरांचे आकडे ० ते ३ च्या दरम्यान आहेत. सात नंबरच्या मीटरचा आकडा १४ आहे. तिथल्या इलेक्ट्रिशियनांना फोन करून विचारले, तेव्हा ते म्हणाले की तो मीटर दरवाज्याजवळ आहे आणि प्रत्येक पाळीचा ऑपरेटर त्याचीच बटणे दाबून वहीत आकडे उतरवतो.

३०७ नंतरचा खंड सात नंबरचाच होता. ९४१ नंतरचा मात्र अकरा नंबरचा आहे, आणि तो छताजवळच्या पेटीत आहे, जिथे शिडीशिवाय कोणाचा हात पोहोचत नाही.